एक बातमी, तीन वादी: सत्य, टीका आणि विशेषाधिकार कुठे चालतात, कुठे नाहीत

अब्रुनुकसानीवरचा प्रश्न आला की विद्यार्थी ठरलेल्या क्रमाने लिहितात. आधी बदनामीची व्याख्या, मग सत्य, मग न्याय्य टीका, मग विशेषाधिकार, म्हणजे ठराविक प्रसंगांतल्या बोलण्या-छापण्याला मिळणारं संरक्षण, आणि शेवटी "म्हणून वृत्तपत्र जबाबदार आहे किंवा नाही". हे तीन बचाव म्हणजे संपूर्ण बातमीवर एकदाच उघडायची छत्री, अशी त्यांची समजूत असते. न्यायालयात बातमी अशी अखंड राहत नाही. ती वाक्यावाक्याने सोलली जाते आणि प्रत्येक वाक्याला त्याचा बचाव वेगळा शोधावा लागतो. खालचं प्रकरण मी वर्गासाठी रचलेलं आहे. माणसं आणि गाव काल्पनिक आहेत, कायदा मात्र भारतातला, आजचा.

एका नगरपरिषदेने पाण्याच्या नव्या मुख्य वाहिनीचं काम एका कंत्राटदाराला दिलं. वाहिनी १,१५० मीटरची, पाइप डीआयचा, म्हणजे डक्टाइल आयर्न या लोखंडाचा, वर्ग के-९. काम पूर्ण झालं, ४० लाखांचं देयक निघालं. नंतर त्रयस्थ तपासणीत असं आढळलं की ६२० मीटरमध्ये के-९ ऐवजी कमी जाडीचा के-७ पाइप टाकला आहे आणि त्यामुळे ६ लाख २० हजार रुपये जास्त दिले गेले आहेत. तपासणी अहवालात एवढंच होतं. कोणी मुद्दाम केलं, कोणी संगनमत केलं, असा एक शब्दही त्यात नव्हता.

हा अहवाल सर्वसाधारण सभेत आला. विरोधी नगरसेवक उठून म्हणाला, "यात नगराध्यक्षांनी दहा टक्के घेतले." नगराध्यक्षांनी तिथेच आरोप फेटाळला आणि चौकशी लावा, असं सांगितलं. इतिवृत्तात दोन्ही गोष्टी नोंदल्या आहेत. स्थानिक दैनिकाचा वार्ताहर सभागृहात पूर्ण वेळ बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा आला: "पाइपलाइनमध्ये ४० लाखांचा डल्ला, नगराध्यक्ष-कंत्राटदार संगनमत". मजकुरात होतं की कंत्राटदाराने के-९ चे पैसे घेऊन के-७ पाइप टाकला, आणि नगराध्यक्षांनी दहा टक्के घेतल्याचा आरोप नगरसेवकाने सभेत केला. नगराध्यक्षांचं उत्तर छापलं नाही. शेजारी एक चौकट होती. कंत्राटदारावर दुसऱ्या एका कामात बनावट प्रमाणपत्राचा खटला चालू आहे, त्याची आदल्या दिवशीची सुनावणी त्यात होती: "कंत्राटदारानेच सही केली, साक्षीदाराची कबुली". त्याच दिवशी उलटतपासात त्या साक्षीदाराने आपण सही करताना पाहिलं नव्हतं, असं मान्य केलं होतं. ते चौकटीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी संपादकांचं टिपण आलं. त्यात दोन वाक्यं आहेत: "ज्याने शहराच्या पाण्याच्या वाहिनीत काटकसर करून स्वतःचा खिसा भरला, अशा कंत्राटदाराला पुन्हा एकही काम देणं म्हणजे शहराची थट्टा आहे." आणि पुढे: "नगराध्यक्षांना नगरपरिषद म्हणजे घरची तिजोरी वाटते."

एक गोष्ट उशिरा उघड झाली. दैनिकाची जाहिरातींची बिलं नगरपरिषदेकडे आठ महिने अडकली होती. बातमी लिहिण्याच्या रात्री वार्ताहराने सहकाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: "आता बघू नगराध्यक्ष बिल कसं काढत नाहीत."

कंत्राटदार, नगराध्यक्ष आणि नगरपरिषद अशा तिघांनी नुकसानभरपाईचे दावे लावले. प्रतिवादी तीन: वार्ताहर, संपादक आणि प्रकाशक.

तिसरा वादी पहिल्याच टप्प्यावर बाद होतो. आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था आणि शासकीय सत्ता वापरणाऱ्या इतर संस्था बदनामीबद्दल नुकसानभरपाई मागू शकत नाहीत. उत्तरपत्रिकेत याला तीन ओळी पुरतात. तरी वर्गातले निम्मे जण नगरपरिषदेच्या 'प्रतिष्ठेवर' पानभर लिहितात आणि खरा प्रश्न हातातून निसटतो.

आता कंत्राटदार. त्याच्याबद्दलच्या मुख्य वाक्याचा डंख, म्हणजे अब्रूला खरी इजा करणारा अर्थ, कुठे आहे? "डल्ला" हा शब्द सामान्य वाचक 'चोरी' असाच वाचतो. म्हणजे बातमी सांगते की त्याने जाणूनबुजून फसवलं. हा अर्थ ठरवणं हे पहिलं काम, कारण दैनिकाला सिद्ध करायचं आहे ते त्या अर्थाचं सत्य. लेविस विरुद्ध डेली टेलिग्राफ या इंग्लंडमधल्या जुन्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने हा फरक नीट दाखवला: पोलीस चौकशी करत आहेत, असं छापलं म्हणजे माणूस दोषी आहे असं छापलं, असा अर्थ समजूतदार वाचक काढत नाही. आपल्या दैनिकाने "चौकशीत के-७ आढळला" एवढंच लिहिलं असतं, तर तपासणी अहवाल दाखवून काम झालं असतं. "डल्ला" लिहिल्यावर अहवाल अपुरा पडतो, कारण अहवालात हेतू नाही.

इथे दैनिकाला दावा दाखल झाल्यानंतर मदत मिळते. पाइप कारखान्याची माल पोचवल्याची चलनं न्यायालयामार्फत मागवली जातात. त्यांत ६२० मीटर के-७ पाइप कंत्राटदाराच्या नावे, त्याच्या सहीने उतरवून घेतलेला दिसतो. आणि त्याच्याच सहीच्या देयकात संपूर्ण १,१५० मीटर के-९ म्हणून पैसे मागितलेले आहेत. पाइप कोणता आला हे माहीत असलेल्या माणसाने वेगळ्या पाइपचं बिल मागितलं, हे पुरेसं आहे. दिवाणी दाव्यात संभाव्यतेच्या तराजूवर सत्य सिद्ध होतं. भार प्रतिवादीवर असतो, पण पुरावा प्रकाशनाच्या दिवशी हातात असायला हवा अशी अट नाही. ती वस्तुस्थिती तेव्हा खरी होती, एवढं पुरतं.

मग "४० लाख"? ही चूक बातम्यांमध्ये नेहमी दिसते: संपूर्ण देयकालाच घोटाळ्याची रक्कम समजलं जातं. खरी रक्कम ६ लाख २० हजार. तपशील जसाच्या तसा खरा असावा लागत नाही, डंखाचं सत्य लागतं. मग ४० लाख आणि ६ लाख यांत डंखाचा फरक आहे का? माझं मत, मुद्दाम फसवणूक सिद्ध झाली की रक्कम फुगवल्याने अब्रूला होणारं जास्तीचं नुकसान किरकोळ राहतं. पण इथे दुसरी बाजू लंगडी नाही. पूर्ण वाहिनीच खोटी, असा अर्थ कंत्राटदाराचे वकील लावतील, आणि त्याचं जे उरलेलं ५३० मीटर काम बरोबर होतं त्याचं काय, असं विचारतील. उत्तर लिहिताना हा वाद दाखवावा, टाळू नये. बचाव टिकला तरी न्यायाधीश वृत्तपत्राच्या हलगर्जीपणावर बोलतील.

व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप इथे उपयोगी पडत नाही. दिवाणी दाव्यात सत्य सिद्ध झालं की प्रतिवादीच्या मनात काय होतं, हे विचारलंच जात नाही. द्वेषबुद्धी न्याय्य टीका आणि सापेक्ष, म्हणजे सशर्त, विशेषाधिकार हे दोन बचाव मोडते, सत्य मोडत नाही. वर्गात हे वाक्य मी फळ्यावर लिहितो आणि तरी परीक्षेत "परंतु वार्ताहराचा हेतू वाईट असल्याने सत्याचा बचाव मिळणार नाही" असं येतंच.

चौकटीची गोष्ट वेगळी. "कंत्राटदारानेच सही केली" हे सत्य म्हणून सिद्ध करायला दैनिकाकडे काही नाही. साक्षीदार काय बोलला हे दाखवून साक्षीदार खरं बोलला, हे सिद्ध होत नाही. दुसऱ्याचं बोलणं छापणारा त्या बोलण्याची जबाबदारी घेतो, हा नियम जुना आहे. त्यामुळे चौकटीला एकच आधार: खुल्या न्यायालयातल्या कामकाजाचं वार्तांकन, ज्याला विशेषाधिकार आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या चौथ्या अपवादातही न्यायालयीन कामकाजाचा 'सारतः खरा' अहवाल संरक्षित आहे. पूर्वीच्या दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये हेच होतं.

पण हे संरक्षण अहवालाला आहे, अहवालाच्या सोयीस्कर अर्ध्या भागाला नाही. सरतपासात, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या प्रश्नांना उत्तर देताना, साक्षीदार जे बोलला ते छापायचं आणि त्याच दिवशी, त्याच पिंजऱ्यात, उलटतपासात त्याने ते मागे घेतलं हे गाळायचं, याला न्याय्य अहवाल म्हणता येत नाही. खटला अनेक दिवस चालतो, आणि दर दिवसाचं त्या-त्या दिवसापुरतं वार्तांकन करायला हरकत नाही. उलटतपास दुसऱ्या दिवशी झाला असता, तर पहिल्या दिवशीची चौकट सुरक्षित राहिली असती, अर्थात दुसऱ्या दिवशी उलटतपासही तितक्याच ठळकपणे छापला असता तर. इथे तसं नाही. चौकटीवर कंत्राटदार जिंकतो.

गंमत अशी की एकाच पानावर, एकाच माणसाबद्दल, एका रकान्यात वृत्तपत्र जिंकतं आणि शेजारच्या रकान्यात हरतं. पण नुकसानभरपाईची रक्कम ठरवताना न्यायालय विसरत नाही की या माणसाची एका गोष्टीतली फसवणूक सिद्ध झालेली आहे. चौकटीवर मिळालेली भरपाई म्हणून मोठी असणार नाही.

टिपणातलं त्याच्याबद्दलचं वाक्य न्याय्य टीकेवर चालतं की नाही, ते टीका आहे की वस्तुस्थिती यावर ठरतं. "स्वतःचा खिसा भरला" ही वस्तुस्थिती आहे. "पुन्हा काम देणं म्हणजे शहराची थट्टा" हे मत आहे. मताला पाया लागतो: ज्या गोष्टीवर मत उभं आहे ती सांगितलेली किंवा ओळखता येण्याजोगी हवी, आणि ती खरी किंवा विशेषाधिकाराने संरक्षित हवी. इथे ती आदल्या दिवशी छापली होती आणि वर आपण पाहिलं, ती खरी सिद्ध झाली. विषय लोकहिताचा आहे. मत प्रामाणिकपणे बाळगता येण्यासारखं आहे, मग ते कितीही तिखट असो. ते मवाळ, सौजन्याचं किंवा बरोबर असावं लागत नाही.

मग द्वेषबुद्धी? निरोप वार्ताहराचा आहे, टिपण संपादकांचं. आणि निरोपातला राग नगराध्यक्षांवर आहे, कंत्राटदारावर नाही. संपादकांना त्या निरोपाची माहिती होती किंवा बिलांसाठी त्यांनीही लिहिलं, हे सिद्ध झालं तर चित्र बदलेल. तसं काही पुराव्यात नाही. टिपणावर कंत्राटदार हरतो.

चलनं न मिळाली असती तर या वाक्याचं काय झालं असतं, हे विचारून बघा. फसवणूक सिद्ध झाली नसती आणि टीकेचा पायाच गेला असता. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निकालात असंच झालं. एका तालुक्याच्या गटविकास अधिकाऱ्यावर एका मराठी वृत्तपत्राने लाच आणि खोटी प्रमाणपत्रं दिल्याचे आरोप करणारे लेख छापले होते. आरोप सिद्ध करता आले नाहीत, आणि न्याय्य टीकेचा बचावही त्याच कारणाने उभा राहिला नाही. खोट्या वस्तुस्थितीवरची टीका कितीही प्रामाणिक असली तरी तिला हा बचाव मिळत नाही.

नगराध्यक्षांच्या दाव्यात प्रश्न सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

"नगराध्यक्षांनी दहा टक्के घेतले" हे नगरसेवकाचं वाक्य. त्याच्या मागे कागद नाही, साक्षीदार नाही. म्हणून सत्याचा बचाव सुरुवातीलाच संपतो. "आम्ही म्हटलं नाही, नगरसेवकाने म्हटलं" हे दैनिकाचं उत्तर वर सांगितलेल्या नियमाने निकामी होतं. शिवाय मथळ्यात नगरसेवक कुठे आहे? "नगराध्यक्ष-कंत्राटदार संगनमत" हे वृत्तपत्राने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे.

मग विशेषाधिकार. सभागृहातलं बोलणं म्हणून इथे विद्यार्थी संविधानाच्या अनुच्छेद १९४ कडे धावतात. तो विधानमंडळाच्या सदस्यांसाठी आहे, नगरपरिषदेच्या नगरसेवकांसाठी नाही. विधानमंडळाच्या कामकाजाचे सारतः खरे अहवाल छापणाऱ्यांना अनुच्छेद ३६१-अ संरक्षण देतो, तेही द्वेषबुद्धी नसेल तरच. तो अनुच्छेदही नगरपरिषदेच्या सभेपर्यंत पोहोचत नाही. आणि विधानमंडळाच्या बाबतीतही मर्यादा आहेत: पश्चिम बंगाल विधानसभेच्या सदस्याने नामंजूर झालेले प्रश्न नियतकालिकात छापले, तेव्हा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निरपेक्ष, म्हणजे बिनशर्त, विशेषाधिकार नाकारला.

नगरसेवकाला स्वतःला सापेक्ष विशेषाधिकार आहे. हॉरॉक्स विरुद्ध लो या १९७४ च्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने नगरसेवकाच्या सभेतल्या भाषणाला तो दिला, भाषण पूर्वग्रहाने भरलेलं असूनही, कारण तो जे बोलला ते त्याला खरं वाटत होतं. पण नगरसेवकाचा विशेषाधिकार बातमीबरोबर आपोआप दैनिकाकडे जात नाही. नगरपरिषदेच्या सभेचं वार्तांकन विशेष कायद्याने संरक्षित करणारी तरतूद आपल्याकडे नाही. दैनिकाला सर्वसाधारण तत्त्वाकडे वळावं लागतं: लोकांना जाणून घ्यायचा हक्क असलेल्या सभेचा न्याय्य आणि अचूक वृत्तांत. हा युक्तिवाद करण्यासारखा आहे. पण "न्याय्य" या शब्दावर तो अडखळतो. वार्ताहर सभागृहात होता, त्याने नगराध्यक्षांचं उत्तर ऐकलं, आणि ते गाळलं.

राजगोपालचा निकाल दैनिकाला आणखी एक वाट देतो, आणि ती कंत्राटदाराच्या बाबतीत नव्हती. सार्वजनिक अधिकाऱ्याच्या पदाशी संबंधित वर्तनाबद्दल मजकूर चुकीचा निघाला, तरी सत्याची बेपर्वाई करून तो छापल्याचं वादीने सिद्ध करावं लागतं. वाजवी पडताळणी करून छापलं, एवढं दाखवता आलं तर वृत्तपत्राला सत्य सिद्ध करण्याची गरज राहत नाही. कंत्राटदार पालिकेचे पैसे घेत असला तरी तो पदाधिकारी नाही. म्हणून त्याच्यासाठी दैनिकाला पूर्ण सत्याचा भार उचलावा लागला. नगराध्यक्षांसाठी भार हलका आहे. तरीही दैनिक तो उचलू शकत नाही, कारण पडताळणी झालीच नाही: नगराध्यक्षांना फोन नाही, नगरसेवकाला "पुरावा काय?" हा प्रश्न नाही, आणि मथळ्यात आरोप निश्चित सत्य बनला. वर व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप आहे. बेपर्वाई दाखवायला याहून जास्त काही लागत नाही, आणि सापेक्ष विशेषाधिकारही याच निरोपाने मोडतो.

"घरची तिजोरी" हे टिपणातलं वाक्य वरवर टीका दिसतं. पण वाचक ते लाचेशी जोडतो, आणि लाच ना खरी सिद्ध झाली ना विशेषाधिकाराने संरक्षित राहिली. दोन पायांपैकी एकही जमिनीला लागत नाही. नगराध्यक्ष बातमी आणि टिपण दोन्हींवर जिंकतात.

याच बातमीला वकिलांच्या टेबलावर दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली असती. मथळ्यात "आरोप" हा शब्द, नगराध्यक्षांचं एक वाक्य, ४० लाखांच्या जागी ६ लाख २० हजार, चौकटीत उलटतपासाची एक ओळ. नगराध्यक्षांचं उत्तर छापलं असतं आणि आरोप आरोप म्हणूनच राहिला असता, तर सभेचा न्याय्य वृत्तांत म्हणून बचाव टिकण्याची चांगली शक्यता होती. "डल्ला" मात्र तरीही चलनांच्या भरवशावरच राहिला असता.

दावे एका वर्षाच्या आत लावलेले आहेत, म्हणून मुदतीचा प्रश्न नाही. लिखित बदनामीला मुदत कायद्यात प्रकाशनापासून एकच वर्ष मिळतं, हे अशीलाला पहिल्या भेटीत सांगायला विसरू नका.

फौजदारी बाजू एका मुद्द्यापुरती. कंत्राटदाराने दंडाधिकाऱ्याकडे खासगी तक्रार केली, तर तिथे कलम ३५६ च्या पहिल्या अपवादात सत्यासोबत 'लोकहितासाठी' हेही लागतं. दिवाणी दाव्यात नुसतं सत्य पुरलं, इथे नाही. पाण्याच्या वाहिनीतली फसवणूक लोकहिताची बाब आहे, त्यामुळे पहिला अपवाद दैनिकाला मिळेल, आणि त्यात सद्भावाची अट नाही. चलनं दाव्यानंतर सापडली म्हणून इथेही बिघडत नाही. पण पहिला अपवाद न बसणाऱ्या चौकटीसाठी आणि नगराध्यक्षांच्या तक्रारीत त्यांच्याविषयीच्या मजकुरासाठी दैनिक नवव्या अपवादाकडे, म्हणजे लोकहितासाठी सद्भावाने केलेल्या आरोपाच्या बचावाकडे, गेलं, तर तिथे सद्भाव म्हणजे योग्य काळजी आणि लक्ष, आणि तो प्रकाशनाच्या रात्रीपुरता तपासला जातो. त्या रात्री वार्ताहराने फोन कोणालाच केला नव्हता. फक्त एक निरोप पाठवला होता.